चावी घेण्याआधी न्हाणीघरात पाणी भरा

वरळीच्या बीडीडी चाळींतील 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात! पिढ्यान्‌पिढ्या मजल्यावरचा सामाईक संडास वापरलेल्या कुटुंबाला पहिल्यांदा स्वतःचे न्हाणीघर लाभते, याचे मोल आम्ही जाणतो. पण चाव्या वाटण्याचा दिवस असा असतो की, हारतुऱ्यांच्या गर्दीत आमचा माणूस पुढे केलेल्या कागदावर मुकाट सही करतो. त्या कागदावर बहुधा एक ओळ छापलेली असते : ‘घर सुस्थितीत मिळाले, कोणतीही तक्रार नाही.’ मिळाले हेच खूप, असे म्हणून ती ओळ कुणी वाचत नाही. घर काय कुणी उपकार म्हणून दिलेले असते?

भेगा, रंग, दारांच्या कड्या हे सगळे तपासावेच. ते डोळ्यांना दिसते आणि नंतरही दुरुस्त होते. दिसत नाही ते न्हाणीघराच्या फरशीखालचे काम. तिथे पाणी अडवणारा थर नीट बसला नसेल, किंवा स्लॅबमधून खाली जाणाऱ्या पाइपाभोवतीची पोकळी नीट भरली नसेल, तर पाणी खालच्या शेजाऱ्याच्या छतातून उतरते. चाळीत संडास सर्वांचा होता, गळतीही सर्वांची होती. इथे तुमची फरशी म्हणजे दुसऱ्याचे छत, आणि भांडण थेट दोन घरांत लागते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने उपनगरातील नव्या इमारतीत काय केले ते सांगतो. आधी त्यांनी बादलीभर पाणी फरशीवर ओतले. पाणी नहाणीच्या जाळीकडे धावायला हवे. चार फुटांच्या अंतरात साधारण अर्धा इंच उतार पुरतो. इथे कमोडच्या मागे डबके तसेच राहिले. मग नाण्याने फरशा वाजवल्या. दाराजवळच्या तीन बद्द वाजल्या, म्हणजे त्यांच्याखाली माल भरलेला नव्हता.

त्यानंतर नहाणीच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फडके घट्ट कोंबले, उंबरठ्याशी ओल्या मातीचा बांध घातला आणि दोन इंच पाणी भरले. भिंतीच्या टाइलवर पाण्याच्या पातळीशी पेन्सिलने रेघ मारून तारीख-वेळ लिहिली. 24 तासांनी पाणी पाऊण इंच उतरले होते. बंद न्हाणीघरात हवेने एका दिवसात इतके पाणी सुकत नाही; ते एक तर फडक्यातून गेले असणार, नाही तर स्लॅबमध्ये. म्हणून खालच्या घरी विनंती करून छत पाहिले. पाइपाभोवती ताटाएवढी ओल होती. निकाल लागला! मात्र छत कोरडे निघाले तरी निर्धास्त होऊ नये. बारीक गळती वर यायला कधी आठवडे लागतात, आणि भिंतीत गाडलेल्या नळाच्या जोडातली गळती या चाचणीत कळतच नाही.

हे राहायला जाण्यापूर्वीच का? कारण दुरुस्ती म्हणजे फरशी उखडणे, थर नव्याने देणे, पुन्हा पाणी भरून पाहणे. संसार मांडल्यावर न्हाणीघर इतके दिवस बंद ठेवणार कसे? शिवाय तेव्हा ठेकेदार म्हणतो, तुम्हीच काही ठोकलेत.

यादीत ‘बाथरूम गळते’ एवढेच लिहू नये. त्या कुटुंबाने लिहिले : ‘न्हाणीघर. दोन इंच पाणी भरल्यावर 24 तासांत पाऊण इंच उतरले. खालच्या सदनिकेच्या छतावर पाइपाभोवती ओल. फोटो सोबत.’ दोन प्रती केल्या, एकीवर पोच मागितली. कार्यालयातल्या माणसाने शिक्का द्यायला नकार दिला, तेव्हा तीच यादी स्पीड पोस्टाने पाठवली आणि पावती जपली. छापील ओळीखाली ‘सोबतच्या यादीतील दोष वगळून’ असे लिहूनच सही केली.

विकत घेतलेल्या घरासाठी 2016 च्या रेरा कायद्याचे कलम 14(3) आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त केला पाहिजे, न केल्यास भरपाई मागता येते. म्हणजे तक्रार नंतरही करता येते. पण दोष पहिल्या दिवसापासूनचा होता, हे ही यादी सांगते. आणि यादीचे कारण सांगून ताबा लांबवत बसू नये, कारण भोगवटा प्रमाणपत्रानंतर दोन महिन्यांत ताबा घेणे त्याच कायद्याने खरेदीदारावरही घातले आहे. जुन्या खोलीच्या बदल्यात पुनर्विकासात घर मिळणाऱ्यांनी मात्र या कलमावर विसंबू नये. त्यांनी आपल्या करारनाम्यात दोष-दुरुस्तीची मुदत किती वर्षांची आहे आणि ती कोणावर बंधनकारक आहे, हे सही करण्याआधी वाचून घ्यावे.

त्या कुटुंबाच्या न्हाणीघराची फरशी उखडली, तेव्हा पाइपाभोवती सिमेंटऐवजी सिमेंटच्या गोणीचा कागद कोंबलेला निघाला.