अनामत किती, आणि कशावर?

गारगोटीची माझी एक माजी विद्यार्थिनी जर्मनीत शिकावयास निघाली आहे. तेथील संकेतस्थळावर तिने ६०० युरोंची मर्यादा घातली आणि यादी पाहून हरखली. परंतु ती चाळणी Kaltmiete, म्हणजे निव्वळ भाड्याची होती. एका खोलीचे ते ५०० होते. पाणी, हीटिंग वगैरेंचे १५० मिळवून Warmmiete ६५० झाले. Kaution, म्हणजे अनामत, या रकान्यात १,९५० होते, एकूण भाड्याच्या तिप्पट! जर्मन दिवाणी संहितेचे ५५१ वे कलम निव्वळ भाड्याच्या तिपटीवर, १,५०० वर थांबते. तेही तीन समान मासिक हप्त्यांत देता येतात, पहिला भाडेकरार सुरू होताना. घर दाखविण्याआधीच कोणी पैसे मागितले, तर फसवणूकच समजावी. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरू कायद्याने निवासासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचविली. राज्यांवर ती बंधनकारक नाही.