नैराश्य, दहा मिनिटे आणि एक कागद

घाटकोपर-मुलुंड वा अंधेरी-बोरिवलीच्या दवाखान्यांत संध्याकाळी जी गर्दी असते, तीत 'अशक्तपणा', 'डोके जड', 'झोप नाही' एवढीच तक्रार घेऊन येणारे काही रुग्ण असतात. त्यांना ताकदीची गोळी मिळते आणि महिन्याभराने ते पुन्हा त्याच बाकावर दिसतात. गेले दोन आठवडे मन उदास आहे काय, नेहमीच्या गोष्टींतील गोडी गेली आहे काय, हे दोन प्रश्न विचारले, तर यांतील अनेकांच्या दुखण्यामागील नैराश्य उघड होण्याचा संभव असतो. तथापि ते उघड झाल्यावर करायचे काय? डॉक्टरांपाशी वेळ असतो तो जेमतेम दहा मिनिटांचा.

या प्रश्नाचे एक उत्तर 'समस्या-निराकरण उपचार' हे आहे. १९९५ साली ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी बारा आठवड्यांत सहा भेटींचा असा उपचार तपासला. पहिली भेट तासाभराची, पुढील पाच अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. त्याचा गुण अमिट्रिप्टिलिन या औषधाच्या तोडीचा ठरला. परंतु एका रुग्णामागे साडेतीन तास हा हिशेब उपनगरी दवाखान्याला परवडणारा नाही. म्हणून वेळेची विभागणी हाच कळीचा मुद्दा ठरतो. विचार करण्याचे काम रुग्णाने घरी करावे, डॉक्टरांनी दहा मिनिटांत ते तपासावे आणि या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे एक कागद.

त्या कागदावर सहा ओळी पुरतात: अडचण कोणती, आठवड्यात काय साधायचे, कोणते उपाय संभवतात, प्रत्येकाचा लाभ व तोटा काय, निवडलेला उपाय कोण, कधी, कसा करणार, आणि पुढील भेटीत, काय घडले. पहिल्या भेटीत पहिल्या दोन ओळी भराव्यात, उपाय व लाभ-तोटे घरी लिहावेत, दुसऱ्या भेटीत निवड व्हावी, तिसऱ्या भेटीत आढावा.

समजा, घाटकोपरच्या एका शाळेतील लिपिक बाई आल्या आहेत. 'घर खायला उठते' ही त्यांची तक्रार. ही भावना झाली, अडचण नव्हे. डॉक्टर विचारीत जातात आणि पहिली ओळ अशी उतरते: 'अर्धांगवायू झालेल्या सासऱ्यांना रात्री दोनदा कूस बदलून द्यावी लागते, एकही रात्र सलग झोप नाही.' दुसरी ओळ: 'आठवड्यात दोन रात्री सहा तास झोप.' घरी त्या चार उपाय लिहितात. रात्रीची आया परवडत नाही. नोकरी सोडली तर घर चालत नाही. पतीने सुटीच्या आदल्या रात्री जागावे. बोरिवलीच्या दिरांनी शनिवारी मुक्कामाला यावे. शेवटचे दोन निवडले जातात. दिरांशी बोलणे बाईंना अवघड, म्हणून बुधवारी रात्री आठला पतीने दूरध्वनी करावा, असे ठरते. आढाव्यात कळते की पती जागले, दीर मात्र आले नाहीत. ही अर्धी फसगत अपयश मानावयाची नसते. आड काय आले, एवढेच विचारायचे आणि त्यावरून पाचवी ओळ पुन्हा लिहायची.

पद्धत बिघडते ती दोन ठिकाणी. पहिली ओळ 'पैसा पुरत नाही' अशी मोघम राहिली की पुढच्या साऱ्या ओळी मोघम होतात. दुसरे असे की, घाईतले डॉक्टर स्वतःच उपाय सांगून मोकळे होतात. मग ती रुग्णाची योजना न राहता आणखी एक चिठ्ठी होते. तिसऱ्या ओळीत एकच उपाय आणि तोही डॉक्टरांच्या शब्दांत असला, तर ही चूक झाली आहे असे खुशाल समजावे.

आपल्या डॉक्टरांजवळ दहा मिनिटेही नसतील, तर गोव्याचा अनुभव पाहावा. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराचे शिक्षण नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचा उपचार केला. त्याचा मुख्य भर रुग्णाला पुन्हा कामाला लावण्यावर होता. गरजेनुसार समस्या-निराकरणाची जोड होती. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हा निष्कर्ष २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. अर्थ स्पष्ट आहे: कागद भरून घेण्याचे काम केवळ डॉक्टरांचेच असावे असे नाही.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. जीव नकोसा झाला आहे काय, हा प्रश्न कागदाच्या आधी विचारलाच पाहिजे. उत्तर होकारार्थी असेल, किंवा रुग्ण जेवणे-बोलणेच टाकत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी पाठवावे. १४४१६ हा 'टेली-मानस'चा निःशुल्क क्रमांक रात्रीही उपलब्ध असतो. चौथ्या-पाचव्या भेटीनंतरही मनःस्थितीत फरक दिसत नसेल, तर औषधाचा विचार लांबवू नये. शिवाय मृत्यूचे दुःख वा घरातील मारहाण अशा प्रसंगी सहा ओळींनी सुटेल असे काही नसते. तेथे दुःखाला वेळ आणि मारहाणीला आश्रय व कायद्याचे साहाय्य लागते. कागद सासऱ्यांचा आजार बरा करीत नाही. आठवड्यातील दोन रात्री मात्र तो बाईंना मिळवून देऊ शकतो, आणि त्यानंतरची पुढची अडचण त्या स्वतःच मांडू लागतात.