वहीतून नाहीशी झालेली बहीण

निबंधाच्या वहीत शिक्षकाने जितक्या अधिक तांबड्या रेघा ओढाव्या, तितके त्याचे काम चोख झाले, असा आमच्या व्यवसायात एक रूढ समज आहे. आम्हीही तो पुष्कळ वर्षे बाळगला. गतवर्षी इयत्ता सहावीच्या वर्गात घडलेल्या एका लहानशा प्रसंगाने तो डळमळला. त्या प्रसंगात विद्यार्थ्याची चूक थोडी आणि आमची मोठी होती. म्हणूनच तो येथे प्रांजळपणे सांगण्याचे योजिले आहे.

निबंधाचा विषय होता, 'आमच्या घरातील माणसे'. कोकणी बोलणाऱ्या घरातून आलेल्या एका मुलाने लिहिले होते : 'आजी पहाटे उठली. तिने चूल पेटवली. धाकटी बहीण अंगणात पडले. ते खूप रडले. आईने त्याला उचलले.' निबंधभर आजी 'ती' होती, आई 'ती' होती, धाकटी बहीण मात्र 'ते' होती. अकरा ठिकाणी आम्ही तांबडी रेघ ओढली आणि वही वर्गात वाचून दाखवीत विचारले, "अरे, तुमच्या घरी धाकट्या बहिणीलाही अहोजाहो करतात की काय?" वर्ग खो खो हसला. मुलगा मान खाली घालून जाग्यावर बसला.

महिन्याने 'सुटीतील एक दिवस' हा निबंध आला. त्याच मुलाच्या वहीत या जातीची एकही चूक आढळली नाही. समासात 'चांगली सुधारणा' असा शेराही आम्ही मारून दिला. वही मिटताना मात्र ध्यानात आले की, त्या सुटीत आजी होती, आई होती, गोठ्यातील म्हैस होती. रोज ज्या बहिणीचा हात धरून तो शाळेत येतो, ती तेवढी कोठेच नव्हती. चूक गेली होती, पण तिच्यासंगे बहीणही गेली होती.

भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांना हा प्रकार अपरिचित नाही. १९७४ साली जॅकलिन शॅक्टर या विदुषीने दाखवून दिले होते की, इंग्रजी शिकणारे चिनी व जपानी विद्यार्थी संबंधी उपवाक्यांत कमी चुका करीत, याचे एक कारण असे होते की ती रचना ते वापरीतच कमी. कोरी जागा तपासता येत नाही. म्हणून स्वच्छ वही पाहून शिक्षक फसतो.

याही आधी, १९६७ साली, पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांच्या चुकांविषयी एक विचार मांडला होता. चुका दोन प्रकारच्या असतात, असे त्याचे म्हणणे. एक नुसती हातचूक : घाईने, थकव्याने वा विसरण्याने झालेली. ती दाखवावी लागत नाही. लेखकाने पुन्हा वाचले की ती त्याला स्वतःलाच दिसते. दुसरी नियमाची चूक : विद्यार्थ्याने मनाशी काही एक नियम बसविलेला असतो आणि तो त्या नियमाला धरून लिहितो. ही चूक त्याला दहादा वाचूनही दिसत नाही, कारण त्याच्या लेखी ते बरोबरच असते. पहिलीतून फारसे काही कळत नाही. दुसरी मात्र विद्यार्थी शिकण्याच्या कोणत्या पायरीवर उभा आहे, ते सांगते.

हा विचार आम्ही शिक्षणशास्त्राच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. वापरला कधीच नव्हता. आता तो पहिला निबंध आम्ही पुन्हा उघडला. आम्ही 'ते' हे आदरार्थी बहुवचन मानून थट्टा केली होती. परंतु तसे असते, तर मुलाने 'आईने त्यांना उचलले' असे लिहिले असते. त्याने लिहिले होते, 'त्याला'. म्हणजे हे 'ते' एकवचनी आणि नपुंसकलिंगी होते. पुरावा तांबड्या रेघेखालीच होता. रेघ ओढणाऱ्याने तो वाचला नव्हता.

मग आम्ही मुलाला मधल्या सुटीत बोलावले आणि त्या निबंधाची रेघांवाचून उतरलेली प्रत देऊन चुका शोधण्यास सांगितले. दोन ठिकाणचे ऱ्हस्व-दीर्घ आणि एक गाळलेला शब्द त्याने आपण होऊन दुरुस्त केला. 'ते पडले' याला त्याने हातही लावला नाही. आम्ही म्हटले, "बहिणीविषयी कोकणीत सांग पाहू." तो म्हणाला, "तें पडलें." "आणि आजी?" "ती पडली." "असे का रे?" क्षणभर आमच्याकडे पाहून तो उत्तरला, "सर, तें ल्हान न्हय?"

आमच्या भागातील कोकणीत वडीलधारी स्त्री 'ती' आणि लहान मुलगी 'तें' असते. हा नियम आम्हाला ठाऊक नव्हता असे कसे म्हणावे? आमच्या स्वतःच्या घरी आम्ही भाचीला 'तें'च म्हणतो. मुलगा अकराही ठिकाणी एकच नियम निरपवादपणे पाळीत होता. नियम तेवढा दुसऱ्या भाषेचा होता. लेखनात तो ओळखणे अधिक कठीण होते, कारण मराठीतील अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले आणि एकवचनी 'तें' व बहुवचनी 'ते' कागदावर सारखेच दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले, 'घरी' आणि 'वहीत'. आजी : 'ती आयली' आणि 'ती आली'. धाकटी बहीण : 'तें आयलें' आणि 'ती आली'. वासरू : 'तें आयलें' आणि 'ते आले'. तिसरी ओळ मुद्दाम घातली. नाहीतर घरचे प्रत्येक 'तें' मराठीत 'ती' होते, असा नवा चुकीचा नियम मुले बसवितात. तसे झालेही. एका मुलीने 'मूल रडत होती' असे लिहिले, कारण ते मूल मुलगी होते. तेव्हा सांगावे लागले की, मराठी येथे वयाकडे पाहत नाही, शब्दाकडे पाहते : 'मुलगी' म्हटले की 'ती', 'मूल' म्हटले की 'ते'.

फळ्यावरील एका तासाने सर्व सुधारले, असे म्हणणे खोटे होईल. तीन आठवड्यांनी परीक्षेच्या घाईत त्या मुलाच्या लेखणीतून 'ते' पुन्हा उतरले. पण या वेळी वही परत मिळताच त्याने ते स्वतः खोडले. नियमाची चूक आता हातचूक झाली होती, आणि आमच्या लेखी हीच खरी प्रगती होय. शिवाय प्रत्येक चुकीचे मूळ घरच्या भाषेत नसते. मराठी घरांतील मुलेही आपापले चुकीचे नियम बसवीत असतात.

आता आमची रीत बदलली आहे. वही प्रथम रेघांवाचून परत जाते. विद्यार्थी आपल्या हातचुका आपणच सुधारतो. उरलेल्यांपैकी जी चूक एकाच रूपाने वारंवार येते, तेवढीच आम्ही धरतो आणि 'असे का लिहिलेस?' हे त्याला एकट्याला विचारतो. यात वेळ अधिक जातो. चाळीस वह्या एका आठवड्यात होत नाहीत. म्हणून दर आठवड्याला दहाच वह्या अशा रीतीने तपासतो. परक्याची वही वर्गात वाचून दाखविणे मात्र कायमचे बंद केले आहे.

वर्षअखेरच्या निबंधात त्या मुलाची बहीण परत आली. ती आंब्याच्या झाडावर चढली आणि उतरता येईना म्हणून रडली, असे त्यात होते. तीन ठिकाणी ती 'ती' होती, एका ठिकाणी 'ते'. आम्ही रेघ ओढली नाही.