गॅलरीतून फोटो पाठवताना शेवटचं बोट कुठे पडतं?



व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं, माणूस किंवा गट शोधायचा आणि मग पिनेच्या चिन्हावर जाऊन फोटो निवडायचा. दुसरा म्हणजे थेट फोनची गॅलरी उघडायची, फोटो मोठा करून बघायचा, खालचं Share दाबायचं आणि मग कोणाला पाठवायचं ते ठरवायचं. पालकांना आपण बहुतेक वेळा पहिलाच रस्ता शिकवतो. माझं मत असं की शिकवायचा तो दुसरा. पण त्यातली एक जागा धोक्याची आहे आणि ती दाखवल्याशिवाय हा रस्ता अर्धाच शिकवल्यासारखा होतो.

आधी दुसरा रस्ता चांगला का ते सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या आत फोटो निवडायला गेलं की नखाएवढ्या चौकटी दिसतात. मुलाने गृहपाठाच्या एकाच पानाचे चार फोटो काढलेले असतील, तर त्यातला हललेला कोणता आणि स्पष्ट कोणता हे त्या चौकटीत कळत नाही. गॅलरीत तोच फोटो पडदाभर दिसतो, दोन बोटांनी मोठा करून अक्षर वाचता येतं, कडेला आलेला चहाचा कप कापून टाकता येतो. शिवाय आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं की समोर न वाचलेले चाळीस मेसेज उभे. ज्या कामासाठी उघडलं ते राहतं बाजूला आणि आपण लग्नाची पत्रिका बघत बसतो! गॅलरीतून निघालं की हातात फक्त तो फोटो असतो.

आता धोक्याची जागा. Share दाबल्यावर खालून एक पट्टा वर येतो. त्यात अ‍ॅपची चिन्हं असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बऱ्याच फोनमध्ये त्या चिन्हांच्या वर आणखी एक ओळ असते. तिच्यात गोल चित्रं आणि त्याखाली माणसांची किंवा गटांची नावं दिसतात. ही ओळ आपण लावलेली नसते. ज्यांच्याशी आपलं बोलणं नुकतंच किंवा वारंवार होतं, त्यांची नावं फोन स्वतःहून तिथे मांडतो. काल जिथे मामाचं नाव होतं तिथे आज वर्गाचा गट असू शकतो. बोटाला मात्र जागेची सवय लागते, नाव वाचायची नाही.

एक प्रसंग पायरी पायरीने बघू. समजा, वर्गशिक्षिका बाईंनी एका आईला फोन करून सांगितलं, "मुलीच्या आधार कार्डाचा फोटो मला पाठवा." त्याच दिवशी सकाळी वर्गाच्या गटावर सहलीची चर्चा रंगली होती आणि या ताईंनीही तिथे दोन-तीन मेसेज टाकले होते. दुपारी त्या गॅलरी उघडतात, आधारचा फोटो घेतात, Share दाबतात. वरच्या ओळीत पहिलंच गोल चित्र शाळेच्या बोधचिन्हाचं. "शाळा म्हणजे बाईच," असं मनात येतं आणि बोट पडतं. पण ते चित्र बाईंचं नाही, पन्नास पालकांच्या गटाचं आहे.

इथे अजून काही बिघडलेलं नाही, हे नीट लक्षात घ्या. फोटो लगेच जात नाही. आधी तो पडद्यावर मोठा दिसतो, खाली चार शब्द लिहायची जागा येते आणि सर्वांत खाली, हिरव्या बाणाच्या शेजारी, बारीक अक्षरांत ज्याला जाणार त्याचं नाव असतं. सगळं राखायचं ते इथेच. ताईंचं लक्ष फोटोवर असतं, कारण पडदाभर फोटोच असतो. खालचं नाव वाचलं तर मागे फिरता येतं. न वाचता बाण दाबला तर मुलीचं नाव, जन्मतारीख आणि आधार क्रमांक पन्नास फोनवर.

म्हणून पालकांना शिकवताना मी म्हणेन, वरच्या गोल चित्रांना हातच लावू नका. त्याखालचं व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह दाबा. मग Send to अशी यादी उघडते. तिथे वर शोधायची जागा आहे, तिच्यात बाईंचं नाव टाइप करा, नावावर टिचकी मारा. निवडलेलं नाव खाली दिसू लागतं, ते वाचा, मग बाण. एक पायरी वाढते खरी, पण नाव दोनदा डोळ्यांखालून जातं. याच यादीत वरच My status असतं, तेही दाखवून ठेवा. चुकून त्यावर खूण झाली तर फोटो स्टेटसला लागतो आणि पाठवणाऱ्याला ते तासन्‌तास कळतही नाही.

सॅमसंगच्या फोनमध्ये तर ही नावांची ओळ बंदच करता येते. सेटिंगमध्ये Advanced features मध्ये जाऊन Show contacts when sharing content हे बटण बंद करायचं. आजी-आजोबांचा फोन असेल तर हे पाच मिनिटांचं काम मुलांनी जरूर करावं.

चुकून गेलाच फोटो तर? त्यावर दाबून धरून Delete for everyone करायचं. त्यासाठी सुमारे अडीच दिवसांची मुदत असते. पण घाईत Delete for me दाबू नका. त्याने फोटो फक्त आपल्याकडून पुसला जातो आणि बाकी सगळ्यांकडे राहतो. पडद्याच्या तळाशी Undo येतं, ते काही सेकंदच. आणि वेळेत पुसला तरी कोणी तोवर फोटो जतन केला असेल, तर ती प्रत आपल्या हातात नाही.

गॅलरीचा रस्ता जिथे चालत नाही अशाही जागा आहेत. बाईंच्या एखाद्या ठरावीक प्रश्नाला जोडून फोटो पाठवायचा असेल तर आधी ती चॅटच उघडावी लागते. गॅलरीतून गेलेला फोटो सुटा पडतो. दुसरं म्हणजे बारीक अक्षरांची कागदपत्रं. गॅलरीतून दिलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं. बाणाआधीच्या पडद्यावर वर HD असतं, ते दाबलं तर बरंच सुधारतं. पण दाखल्यावरचा शिक्का जसाच्या तसा दिसायला हवा असेल तर व्हॉट्सअ‍ॅप उघडून पिनेच्या चिन्हातून Document म्हणून पाठवावा. तिथे फोटो मूळ आकारात जातो. मात्र फोटोसोबत नोंदलेलं ठिकाणही तसंच जाऊ शकतं, म्हणून घरात काढलेले मुलांचे फोटो असे पाठवू नयेत.

आता थोडं आपल्या बाजूचं, शिक्षकांचं. वर्गाचा गट आणि स्वतःचा नंबर या दोन्हींना शाळेचं बोधचिन्हच चित्र म्हणून लावलं असेल, तर पालकांचा गोंधळ आपणच वाढवतो. गटाला वेगळं, ठळक चित्र ठेवा. "इयत्ता ५ वी ब" एवढ्या नावापेक्षा "सर्व पालक – ५ वी ब" असं नाव द्या, कारण त्या बारीक ओळीत सुरुवातीचेच शब्द दिसतात. आणि ज्या आठवड्यात कागदपत्रं मागवायची असतात, त्या आठवड्यात गटाच्या सेटिंगमध्ये जाऊन मेसेज पाठवायची परवानगी फक्त अ‍ॅडमिनपुरती करून ठेवा. मग एखाद्या ताईंचं बोट चुकून गटावर पडलं तरी आधारचा फोटो तिथे जाणार नाही.