न दिसणाऱ्या श्रोत्यांसाठी लिहिलेले भाषण

१९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे परिसरातील पाच जिल्ह्यांत रेडिओ श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्यात कोल्हापूर जिल्हाही होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई व तो संपताच मंडळी चर्चेस बसत. बोलणाऱ्यास श्रोते दिसत नसत. आजच्या ऑनलाइन सभेत कॅमेरे बंद असले म्हणजे आपली स्थिती तीच होते. मात्र आपण भाषण करतो ते चावडीवरच्या सभेसारखे, आयत्या वेळी सुचेल तसे. हे चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उसावरील हुमणीचेच उदाहरण घेऊ. मी प्रथम या विषयावर बोललो तेव्हा स्वागत व किडीचा जीवनक्रम यांतच पंधरा मिनिटे गेली. उपस्थितांचा आकडा शेवटपर्यंत कायम होता, म्हणून मी समाधानी होतो. नंतर जो पहिला प्रश्न आला, त्याचे उत्तर मी दोनदा दिलेले होते. आकडा फोन चालू असल्याचे सांगतो, माणूस ऐकत असल्याचे नव्हे.

पुढच्या वेळी मी भाषण शब्दशः लिहून काढले. सावकाश बोलल्यास मिनिटास सुमारे शंभर शब्द होतात. म्हणून बारा मिनिटांसाठी बाराशे शब्दच लिहिले. पहिले वाक्य कामाचेच ठेवले: "वळीव पडला की संध्याकाळी बांधावरच्या कडुनिंबाच्या व बाभळीच्या फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका." भुंगेरे अंडी घालण्यापूर्वीच का मारावयाचे, हे कारण त्यानंतर आले. मधूनच येणाऱ्यांसाठी व ज्यांचा आवाज तुटतो त्यांच्यासाठी दर तीन-चार मिनिटांनी हेच वाक्य पुन्हा लिहिले.

"येथे पाहा" हे शब्द मी काढून टाकले. पुष्कळांचा फोन खिशात असतो. त्यांना अळीचे चित्र दिसत नाही. त्याऐवजी "पांढुरकी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी" असे लिहिले. "कळले ना?" या प्रश्नास कोणी उत्तर देत नाही. त्या जागी "तुमच्या बांधावर कडुनिंब आहे की बाभूळ? एकच शब्द लिहा" असे विचारले व पुढे कंसात स्वतःसाठी "वीस सेकंद थांब" असे लिहिले. ते वीस सेकंद फार जड जातात! पण उत्तरे दहाव्या सेकंदानंतरच येऊ लागतात. फारच थोडी आली, तर पुढचा भाग गाळून मुख्य वाक्याकडे परतावे. तशी खूण संहितेत आधीच असावी.

लिहिलेले वाचताना आवाज एकसुरी होतो, ही अडचण खरी आहे. त्यासाठी वाक्ये आखूड ठेवून आदल्या दिवशी घरी मोठ्याने म्हणून पाहावीत. जिभेला अडतील ती बदलावीत.

एक गोष्ट मात्र संहितेने सुधारत नाही. हुमणीची सभा आपण सोयीची म्हणून संध्याकाळी साडेसातला ठेवतो, आणि भुंगेरे झाडावर येतात तेही त्याच सुमारास. ती सभा दुपारी घ्यावी.