खाली उतरणं आणि माणूस होणं

मंडळी, गेल्या ख्रिसमसची गोष्ट. इथे अल्बनीत आमच्या शेजाऱ्यांनी घरामागच्या हिरवळीवर बार्बेक्यूला बोलावलं होतं. दर रविवारी चर्चला जाणाऱ्या शेजारच्या आजींनी मला आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाबद्दल विचारलं. मी परदेशातलं आपलं नेहमीचं उत्तर दिलं: "तुमचा येशू, तसा आमचा कृष्ण. दोघेही देवाचे अवतारच." आजी हसल्या, पण त्यांना ते पटलं नाही. "आमचा एकदाच आला," एवढंच म्हणाल्या. घरी आल्यावर दहा वर्षांच्या लेकीने विचारलं, "बाबा, मग आपल्या देवाला पुन्हा पुन्हा का यावं लागतं?"

मला उत्तर देता आलं नाही. 'सगळं एकच' हे वाक्य ऐकायला गोड लागतं, पण ते बोलून आपण समोरच्याची श्रद्धा ऐकून घेत नाही आणि आपलीही सांगत नाही. तुम्हीही हे वाक्य कधी ना कधी वापरलं असेल, म्हणून हा लेख.

हा पेच मराठीत चारशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि सासष्टीत राहून मराठी शिकला. त्याने बायबलची कथा मराठी ओवीत लिहिली. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोलला छापलं गेलं. काळ सौम्य नव्हता. सासष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना जुनी पुराणं वाचायला बंदी होती. आमची पुराणं घेतलीत, तर त्यांच्या जागी दुसरं पुराण तरी द्या, असं एक ब्राह्मण पाद्रीबुवांना म्हणतो, असा प्रसंग त्या ग्रंथातच आहे.

पण पुराण म्हटलं की मराठी श्रोता काय अपेक्षा करणार? पृथ्वीला भार होतो, देव खाली येतो, असुराला मारतो आणि स्वस्थानी परततो. स्टीफन्सच्या कथेतला देव गोठ्यात जन्मतो, कोणालाच मारत नाही आणि शेवटी स्वतःच मारला जातो. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा आपलाच शब्द घेतला. शब्द ओळखीचा होता, पण त्याने सांगितलेली गोष्ट अनोळखी होती. हा फरक नीट कळायला मला तीन प्रश्न उपयोगी पडतात.

पहिला प्रश्न: देव कशासाठी येतो? 'अवतार' म्हणजे खाली उतरणं. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण येण्याचं कारण सांगतात, तिथे 'अवतार' हा शब्द नाही, पण कल्पना तीच आहे. धर्माला ग्लानी आली की सज्जनांना राखायला आणि दुष्टांचा नाश करायला ते प्रकट होतात. म्हणजे बिघडलेली घडी नीट बसवायला. ख्रिस्ती धर्मात बिघाड माणसाच्या आत आहे. माणूस पापामुळे देवापासून तुटला, आणि ते नातं जोडायला देव स्वतः माणूस झाला. 'इन्कार्नेशन' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला मांस हा अर्थ आहे. मराठी ख्रिस्ती मंडळी 'देहधारण' म्हणतात. आपला शब्द देव कुठून आला ते सांगतो, त्यांचा शब्द तो काय झाला ते सांगतो.

दुसरा प्रश्न: किती वेळा? लेकीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपल्याकडे काळ चाकासारखा फिरतो. घडी पुन्हा विस्कटते, म्हणून देवही पुन्हा येतो. आपण दहा अवतार मोजतो, पण भागवताच्या पहिल्या स्कंधात बावीस सांगून पुढे ते असंख्य आहेत असं म्हटलं आहे. ख्रिस्ती धर्मात काळ सरळ रेषेत जातो. एकदा झालेलं काम पूर्ण झालं, ते पुन्हा करावं लागत नाही. म्हणून 'येशू हाही एक अवतार' म्हटलं की आपल्याला तो मान दिल्यासारखं वाटतं, आणि आजींना मात्र आपण त्याला दहांच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटतं.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: त्या देहाचं काय? इथे आपल्या आचार्यांचंही एकमत नाही. शंकराचार्य गीताभाष्याच्या सुरुवातीला म्हणतात की भगवंत मायेने जणू देह असल्यासारखे दिसतात. रामानुजाचार्यांना तो देह खरा वाटतो, पण आपल्यासारखा कर्माने मिळालेला नाही, दिव्य द्रव्याचा. कसंही असलं तरी अवतार संपतो. प्रभासक्षेत्री जरा नावाच्या व्याधाचा बाण कृष्णाच्या पायाला लागतो आणि तो निजधामाला जातो. ख्रिस्ती धर्मातही येशूचा देह हा नुसता भास होता म्हणणारे होते, पण चर्चने ते मत नाकारलं. ४५१ साली कॅल्सिडनच्या धर्मसभेने ठरवलं की येशू पूर्ण देव आहे आणि पूर्ण माणूसही. भूक, भीती, वेदना, सगळं खरं. पुनरुत्थानानंतरही त्याच्या अंगावर जखमांच्या खुणा होत्या. त्याने माणूसपण कायमचं घेतलं, अशी त्यांची श्रद्धा आहे.

यात उजवं-डावं करायचं नाही. आणि 'सगळे धर्म हेच सांगतात' असंही नाही. इस्लाममध्ये देव जन्म घेतो ही कल्पनाच मान्य नाही. तिथे पैगंबर हा देवाचा निरोप आणणारा माणूस आहे.

आपल्या बाजूची एक गोष्ट मात्र आजींना सांगायला हवी, आणि ती दिवाळीतच सापडते. पाडव्याला आपण बळीराजाची आठवण काढतो. विष्णूने वामन होऊन तीन पावलं भूमी मागितली आणि उदार बळीला पाताळात धाडलं. तरी आपल्या घरातल्या बायका ओवाळताना बळीचंच राज्य येवो म्हणतात! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त तर वामनासह अनेक अवतार म्हणजे बाहेरून आलेल्यांची आक्रमणं, असा अर्थ लावला. तो पटो न पटो, आपल्याकडे अवताराला नमस्कार करता करता त्याच्या वागण्यावर प्रश्नही विचारता येतो. येशू निष्पाप होता हे ख्रिस्ती श्रद्धेचं मूळच आहे, त्यामुळे तिथे तो प्रश्न असा उभा राहत नाही.

तेव्हा वाचकहो, यंदा कोणी विचारलं तर 'सेम थिंग' म्हणू नका. मी आजींना सांगणार आहे: "देव आपल्यासाठी खाली येतो, हे आपण दोघंही मानतो. आमचा गरज पडेल तेव्हा येतो आणि काम करून परततो. तुमचा एकदाच आला आणि कायमचा माणूस झाला. आता तुमची गोष्ट मला नीट सांगा." फराळाचं ताट घेऊन जाणारच आहे, तेव्हा बसून ऐकेन.