मूळ भाषा येत नसताना अनुवाद कसा पारखाल?

लखनौजवळचं मलिहाबाद दशहरी आंब्यांसाठी प्रसिद्ध. शायर जोश मलिहाबादी याच गावचे. त्यांचं ‘यादों की बरात’ हे उर्दू आत्मचरित्र 1970 साली प्रकाशित झालं. समजा, अशा पुस्तकाचा मराठी अनुवाद तुमच्या हाती आला आणि तुम्हाला उर्दू येत नाही. तो चांगला आहे की नाही, हे कसं ओळखाल?

आधी संवाद वाचा. लखनौकडे एकटा माणूसही स्वतःला ‘हम’ म्हणतो. अनुवादात लहान मुलगा आईला “आम्ही जेवणार नाही” म्हणाला आणि तो एकटाच रुसलेला असला, तर अनुवादकाने शब्द उचललाय, बोलणं नाही. तिथे ‘मी’च हवं.

मग अर्थ अडेल तिथे थांबा. दोन जमीनदारांचं भांडण मिटतं आणि ते ‘राजीनामा’ लिहून देतात. कोणत्या नोकरीचा? उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता. दोन्ही भाषांत सारखे दिसणारे असे शब्द अनुवादकाला हमखास फसवतात.

मात्र गाळलेला मजकूर अशा वाचनाने सापडत नाही. उलट कापलेलं पुस्तक जास्तच सफाईदार वाटतं. त्यासाठी त्याच पुस्तकाची हिंदी किंवा इंग्रजी आवृत्ती मिळवा. एकच प्रकरण घ्या. परिच्छेद मोजा, माणसांची नावं आणि आकडे जुळवा. दोन पानांचा प्रसंग मराठीत चार ओळींत उरकला असेल, तर प्रस्तावनेत ‘संक्षिप्त’ असं लिहिलंय का, ते पाहा. तसं लिहिलेलं नसेल, तर त्या अनुवादावर विसंबू नका.